कस्टमरला ट्रॅकिंग पाठवताना

अरे, नवीन आहेस म्हणून मोजक्याच गोष्टी सांगतो, बाकी हळूहळू येईल.

कंटेनर नंबर, म्हणजे 4 अक्षरं 7 आकडे, कॉपी-पेस्टच कर, हाताने टाईप करू नकोस. माल कोलंबोला दुसऱ्या जहाजात चढणार असेल तर त्या दुसऱ्या जहाजाचं नाव आणि व्हॉयेज नंबर दे, पहिलं जहाज न्हावा शेवाला येतच नाही आणि कस्टमर तेच ट्रॅक करत बसतो.

सगळे चुकतात ते इथे: ईटीए, म्हणजे पोचायची अंदाजे तारीख, जहाज पोर्टला लागण्याची असते, रबाळ्याच्या गोडाऊनची नाही. मधे उतरवणं, कस्टम्स, ट्रेलर असतंच, म्हणून गोडाऊनची तारीख वेगळी लिही, तीही 'अंदाजे'.

ट्रेलरवर कंटेनरचा तळ जमिनीपासून 4-5 फूट वर असतो, म्हणून डॉक नसेल तर रॅम्प, फोर्कलिफ्ट, माथाडी आधीच सांगून ठेवायला सांग आणि सील नंबर जुळवून फोटो काढल्याशिवाय सील तोडू नका हे ठळक लिही.