भूकंपाच्या पट्टीवरून अंतर कसं काढतात?

प्रश्न: सिस्मोग्राफच्या पट्टीवर पहिल्या आणि दुसऱ्या लहरीत किती वेळ गेला, त्यावरून भूकंप किती लांब झाला ते कळतं म्हणे. नेमकं कसं काढतात?

उत्तर: कोयनेचा एखादा धक्का पुण्यातल्या यंत्राने टिपला आहे असं धरा. शांत रेघ एकदम थरथरायला लागते, ती पी लहर. जरा वेळाने त्याच थरथरीतून मोठे, सावकाश झोके सुरू होतात, ती एस. दोन्ही निघतात एकाच क्षणी. पण पृथ्वीच्या कवचातल्या खडकातून पी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते आणि एस साडेतीन. म्हणजे दर किलोमीटरला एस सुमारे ०.१२ सेकंद मागे पडते. हिशोब उलटा केला की मागे पडलेल्या प्रत्येक सेकंदाला ८.४ किलोमीटर येतात.

ड्रमवरचा कागद मिनिटाला ६० मिलिमीटर सरकत असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे एक सेकंद. पी आणि एसच्या सुरुवातींत १५ मिलिमीटर भरले, तर १५ गुणिले ८.४, म्हणजे १२६ किलोमीटर. पुणे ते कोयना परिसर सरळ रेषेत जवळपास एवढाच आहे. मला या पद्धतीतलं सगळ्यात आवडतं ते हे की यंत्राचं घड्याळ मिनिटभर पुढे असलं तरी उत्तर बदलत नाही, कारण आपण फक्त फरक मोजतो. दिशा मात्र यातून कळत नाही. त्यासाठी निदान तीन भूकंपमापन केंद्रांवरून काढलेली अंतरं घेऊन नकाशावर वर्तुळं काढावी लागतात.

खरी कसोटी लागते ती एसची सुरुवात ठरवताना. पी शांत रेघेवर येते, एस मात्र पीच्या शेपटीत मिसळलेली असते. एक सेकंद चुकला की आठ किलोमीटर गेले. म्हणून पी उभ्या हालचालीच्या पट्टीवर पाहावी आणि एस आडव्या हालचालीच्या दोन पट्ट्यांवर, तिथे ती ठळक उठते. शिवाय हे अंतर भूकंपाच्या नाभीपर्यंतचं, म्हणजे जमिनीखाली तो जिथे सुरू झाला त्या जागेपर्यंतचं असतं. धक्का आठ किलोमीटर खोल असला तरी पुण्यातून त्याने फरक पडत नाही. पण कोयनेच्याच यंत्रावर दीड सेकंद दिसला, तर १२.६ किलोमीटर हे तिरकं अंतर झालं, जमिनीवरचं दहाच्याही आत येतं.

साधारण दीडशे-दोनशे किलोमीटरच्या पुढे हा ८.४ जपून वापरा. किल्लारी पुण्यापासून सुमारे २९० किलोमीटरवर आहे. तिथून येणारी पहिली लहर कवचाखालच्या जास्त वेगवान खडकातून वळसा घालूनही थेट पीच्या तीन-चार सेकंद आधी पोचते. तिच्यापासून मोजलं तर अंतर तीसेक किलोमीटरने फुगतं. ती ओळखू येते: आधी बारीक, दबकी थरथर आणि काही सेकंदांनी तिच्यावर चढलेली जोरकस पी. ८.४ ने गुणायचं असेल तर या जोरकस पीपासून मोजा, नाहीतर दूरच्या भूकंपांसाठी प्रवासवेळांचे तक्ते असतात ते घ्या.