फोटोतले इंजिन डिझेलचे, विजेचे की लोकलचा डबा? तोंड आणि छप्पर पाहून ओळख

प्रश्न: माझ्या जुन्या फोटोंत इंजिनाचे फक्त तोंड आणि छताचा थोडा भाग दिसतो, नंबर वाचता येत नाही. ते डिझेल इंजिन आहे, विजेचे आहे की मेमू-लोकलसारख्या गाडीचा पुढचा डबा आहे हे कसे ओळखावे? एका फोटोत वर तारा आहेत, पण तारेतून वीज घेणारा छतावरचा पॅन्टोग्राफ दिसत नाही.

उत्तर: तारा दिसल्या म्हणून इंजिन विजेचे आणि पॅन्टोग्राफ दिसला नाही म्हणून डिझेलचे, हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. विद्युतीकरण झालेल्या मार्गावरही डिझेल इंजिने सर्रास धावतात, त्यामुळे तारांवरून एवढेच कळते की तिथे विजेचे इंजिन असू शकते. पॅन्टोग्राफ न दिसण्याला तर अगदी साधे कारण असते. आपल्याकडच्या बहुतेक विजेच्या इंजिनांवर दोन पॅन्टोग्राफ असतात आणि चालताना सहसा मागचा उचललेला असतो. तो तुटलाच तर त्याचे तुकडे मागे पडावेत, दुसऱ्या पॅन्टोग्राफवर आदळू नयेत, असा त्यामागचा विचार आहे. त्यामुळे रुळाजवळून, खालच्या कोनातून समोरून टिपलेल्या फोटोत पुढचा पॅन्टोग्राफ दुमडून छतावर आडवा पडलेला असतो, तर उचललेला मागचा छताच्या कडेआड झाकला जातो. उभा हात शोधत बसण्याऐवजी छताच्या कडेवर सपाट, जाळीदार आडवी चौकट आणि तिच्याखाली चिनी मातीच्या चकत्या रचल्यासारखे इन्सुलेटर दिसतात का, ते पाहावे. भारतात बहुतेक ठिकाणी तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असल्यामुळे हे इन्सुलेटर चांगले उंच असतात आणि बऱ्याचदा पॅन्टोग्राफच्या आधी तेच नजरेत भरतात. त्यांच्यावरून छताच्या लांबीने जाणारी धातूची दांडी किंवा नळी दिसली, तर शंका उरत नाही, कारण पॅन्टोग्राफने घेतलेली वीज छतावरच्या स्विचपर्यंत नेणे हे तिचे काम असते.

डिझेल इंजिनाच्या छतावर याच्या उलट वस्तू असतात. आत इंजिन जळते आहे, म्हणून धूर बाहेर सोडणारे तोंड हवे, आणि ते तापते आहे, म्हणून रेडिएटरचे मोठे पंखे हवेत. वरून टिपलेल्या फोटोत पंख्यांच्या गोल जाळ्या दिसतात, तर समोरून टिपलेल्या फोटोत धुराड्याभोवती काजळीचा काळा डाग. उड्डाणपुलावरून काढलेला फोटो असेल तर हा डाग जवळजवळ नेहमीच सापडतो. मात्र छतावर जाळीची पेटी दिसली की ते डिझेलच, असे समजू नये. काही मालगाडीच्या विजेच्या इंजिनांवरही ब्रेक लावताना तयार होणारी वीज उष्णतेच्या रूपात उडवून देणाऱ्या रोधकांची पेटी असते. धूर बाहेर सोडणारे तोंड मात्र विजेच्या इंजिनावर कधीच नसते.

तोंडाचा विचार करताना सर्वांत आधी रुंदी पाहावी. डब्ल्यूडीएम-३ए सारख्या जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाचे नाक अरुंद असते, त्याच्या दोन्ही बाजूंनी कठडा लावलेली चालण्याची वाट असते आणि कोपऱ्यांत पायऱ्या असतात. लांब नाक पुढे करून ते धावत असेल, तर चालकाची खिडकी तोंडापासून बरीच मागे, नाकाच्या बाजूला दिसते. विजेच्या इंजिनात चालकाची काच अगदी पुढे, पूर्ण रुंदीची असते आणि त्यामागचे शरीर एकसंध पेटीसारखे असते. कडेने चालायला वाट नसते, कारण यंत्रापर्यंत जाण्याचा मार्ग पेटीच्या आतून असतो.

एवढ्यावर फसवणारा नमुना म्हणजे दोन केबिनचे डब्ल्यूडीपी-४डी हे डिझेल इंजिन. मी स्वतः त्याला एकदा फसलो आहे. रत्नागिरी स्थानकाच्या फलाटावर काढलेल्या माझ्या फोटोत समोरची काच रुंद होती, केबिन पूर्ण रुंदीची होती आणि वर ओव्हरहेड वायर होती. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाल्याचे माहीत असल्यामुळे मी फोटोखाली बेधडक 'विजेचे इंजिन' असे लिहिले. पुढे फोटो मोठा करून पाहिला तेव्हा केबिनचा दरवाजा संपतो तिथेच शरीर आत सरकलेले दिसले. केबिनच्या पाठीवर एक खांदा तयार झाला होता आणि त्या खांद्यापासून मागे कठड्याची बारीक रेघ जात होती. विजेच्या इंजिनाची भिंत केबिनपासून शेवटपर्यंत सरळ असते, त्यामुळे हा खांदा दिसताच शंका आली. मग छताची कड पाहिली, तर तिथे एकही इन्सुलेटर नव्हता, आणि मागच्या बाजूला रेडिएटरचा भाग पंखांसारखा बाहेर आलेला होता. ते डिझेल इंजिन होते आणि तारा निव्वळ पार्श्वभूमी होत्या. तुमच्या फोटोतही आधी केबिनच्या मागचा हा खांदा शोधावा, असे मी सुचवेन.

आता डब्यांच्या गाड्यांकडे. इथे चालकाच्या दरवाजामागे इंजिनाची भिंत नसते. थोड्याच अंतरावर प्रवाशांची खिडकी किंवा दार सुरू होते आणि पहिल्या डब्याच्या छताची उंची व गोलाई मागच्या डब्यांशी तंतोतंत जुळते. इंजिन जोडलेल्या गाडीत मात्र इंजिन आणि पहिला डबा यांच्या छताच्या रेषेत हमखास पायरी पडते. मुंबईच्या लोकलमध्ये तोंडावरच गंतव्यस्थानाचा फलक असल्यामुळे ओळख सोपी जाते. खरी मेख पॅन्टोग्राफची आहे: तो पुढच्याच डब्यावर असतो असे नाही. अनेक लोकल गाड्यांत चालक बसतो तो डबा मोटर नसलेला असतो आणि पॅन्टोग्राफ त्यामागच्या मोटर कोचवर असतो. वंदे भारतमध्येही चालकाच्या डब्यावर तो नसतो. त्यामुळे अशा गाडीच्या समोरच्या फोटोत छत अगदी मोकळे दिसते, आणि त्यावरून तिला डिझेल ठरवणे चूक होते.

विजेवर चालणारी मेमू आणि डिझेलवर चालणारी डेमू यांची तोंडे मात्र इतकी सारखी असतात की तोंडावरून निर्णय देऊच नये. जुन्या धाटणीच्या मेमूत पुढचाच डबा मोटर कोच असतो आणि पॅन्टोग्राफ त्याच्याच छतावर असतो. डेमूत चालकाच्या मागे आख्खे डिझेल इंजिन बसवलेले असते, म्हणून त्या भागात प्रवाशांच्या खिडक्या नसतात, भिंतीवर हवा आत घेणाऱ्या झडपांच्या जाळ्या असतात आणि त्यावरच्या छतावर धुराचे तोंड असते. अर्थात मेमूच्या मोटर कोचमध्येही चालकामागे यंत्रांची खोली असू शकते, म्हणून केवळ जाळ्यांवर विसंबू नये. धुराचे तोंड आणि काजळी यांना जास्त वजन द्यावे.

अगदी सरळ समोरून, खालच्या कोनातून काढलेल्या फोटोत छताची कड आणि बाजूची भिंत दोन्ही दिसत नसतील, तर रुंद तोंडाचे डिझेल आणि विजेचे इंजिन यांत फरक करता येणे जवळजवळ अशक्य आहे. अशा वेळी त्याच गाडीचा पुढचा किंवा मागचा, थोडा तिरका आलेला फोटो संग्रहात आहे का ते पाहावे. गाडी वळणावर असताना टिपलेली एक फ्रेम मिळाली, तर खांदा आणि इन्सुलेटर दोन्ही एकाच नजरेत येतात.