चार्ट टाकलात, पण कशाचा?

प्रश्न: सोबत चार्ट जोडलाय. खालची रेषा तुटली असं वाटतंय. अजून पडेल का, की इथेच घेऊन टाकू? जाणकारांनी सांगावं.

तुमच्या चित्रात एक मोठी लाल कँडल आहे, तिच्या वर तुम्ही ओढलेली निळी तिरकी रेषा आहे आणि उजवीकडचे आकडे अर्धे कापले गेलेत. नाव नाही, तारीख नाही. खाली दोघांनी "तुटला, आता खोल जाणार" असं लिहूनही टाकलंय. कशाच्या जोरावर, ते त्यांनाच ठाऊक. मी "घ्या" किंवा "नको" यातलं काहीच लिहिणार नाही. चित्रात काय काय नाही आणि प्रत्येक गोष्ट नसल्यामुळे उत्तर कसं उलटं होऊ शकतं, तेवढं सांगतो.

आधी वस्तू कोणती ते. नुसतं "रिलायन्स" लिहिलंत तरी मला पुरेसं नाही. रोख बाजारातला शेअर की फ्युचर? फ्युचर असेल तर चालू महिन्याचा की पुढचा? आणि सर्वांत महत्त्वाचं, जुने भाव समायोजित केलेले आहेत की नाहीत?

रिलायन्सचंच उदाहरण घेऊ. 20 जुलै 2023 ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली. आदल्या दिवशी एनएसईवर रिलायन्स 2841.85 वर बंद झाला होता. त्या सकाळी खास सत्र घेऊन भाव ठरवला गेला, तो निघाला 2580. मधला 261.85 रुपयांचा फरक हीच जिओ फायनान्शियलची किंमत मानली गेली. समायोजन न केलेल्या चार्टवर हे नऊ टक्क्यांहून मोठं भगदाड दिसतं आणि त्याखाली कुठलीही रेषा सहज "तुटते". प्रत्यक्षात शेअरधारकाचं काहीच गेलं नव्हतं, त्याला रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला होता.

पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस आला आणि भाव दिसायला निम्मा झाला. आता समजा, या दोन्ही घटनांच्या आधी तुमच्या वहीत "2200 ला आधार" असं लिहून ठेवलंय. जिओचं समायोजन करणाऱ्या चार्टवर तो आधार साधारण 1997 होतो, बोनसनंतर त्याचाही निम्मा म्हणजे 998 च्या आसपास. बोनसचं समायोजन जवळपास सगळेच करतात, पण कंपनी वेगळी होण्याचं समायोजन काही करतात, काही करत नाहीत. जो करत नाही, त्याच्याकडे तोच आधार 1100 वर दिसेल. दोन माणसं दोन अ‍ॅपवर एकच शेअर बघत असतात, दोघांचे आधार शंभर रुपयांनी वेगळे असतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात! म्हणून शेअरचं नाव, बाजार, रोख की फ्युचर आणि कोणत्या अ‍ॅपवरचा चार्ट, एवढं तरी लिहा. गेल्या दोन-तीन वर्षांत बोनस, स्प्लिट किंवा कंपनीचं विभाजन झालं असेल तर तेही.

सोन्याच्या चार्टला यात आणखी एक फाटा फुटतो, तो म्हणजे चलन. ऑगस्ट 2013 च्या शेवटी रुपया डॉलरला 68 च्या पुढे घसरला होता आणि त्याच महिन्यात सोन्यावरचं आयात शुल्क 10 टक्के झालं होतं. तेव्हा एमसीएक्सवर दहा ग्रॅमचा भाव 35 हजारांच्या आसपास, म्हणजे उच्चांकावर होता. त्याच दिवसांत डॉलरमधलं सोनं 2011 च्या शिखराच्या बरंच खाली, 1400 च्या आसपास रेंगाळत होतं. एक चार्ट सांगतोय तेजी, दुसरा सांगतोय मंदी, आणि दोन्हींच्या वर लिहिलंय "गोल्ड".

मग कालावधी. "मोठी लाल कँडल" किती वेळाची आहे? आपला रोख बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे 375 मिनिटं. पंधरा मिनिटांच्या चार्टवर दिवसाला बरोबर 25 कँडल बसतात. एका तासाच्या चार्टवर मात्र सहा पूर्ण कँडल होतात आणि सातवी फक्त पंधरा मिनिटांची उरते. ती शेवटची चिमुकली कँडल बघून "विक्रीचा जोर संपला" म्हणणारे मी खूप पाहिलेत. म्हणूनच आपल्याकडे बरेच जण 75 मिनिटांची कँडल वापरतात, दिवसाचे पाच सारखे तुकडे होतात.

सरासरीच्या रेषेचंही तेच. तुम्ही वीसची सरासरी लावली असेल, तर दैनिक चार्टवर ती साधारण महिनाभराच्या व्यवहाराची आहे. पंधरा मिनिटांच्या चार्टवर तीच वीसची सरासरी 300 मिनिटांची, म्हणजे एक अख्खा दिवसही नाही. पहिलीखाली भाव गेला तर विचार करावा लागतो, दुसरीखाली तो आठवड्यात अनेकदा जातो-येतो.

आणि चित्र किती वाजता काढलंत? दुपारी दीड वाजता काढलेली दैनिक कँडल अर्धवट असते. दीडला रेषेखाली दिसणारा भाव साडेतीनला वर येऊन बसू शकतो. साप्ताहिक चार्ट बुधवारी टाकलात तर त्याची शेवटची कँडल अजून शिजतेय. कँडल बंद झालेली आहे की चालू आहे, हे एका शब्दात लिहा. बरेच वाद तिथेच मिटतात.

आता मापपट्टी, म्हणजे उजवीकडची उभी. हिच्याबद्दल जवळजवळ कोणीच लिहीत नाही आणि तिरक्या रेषेच्या प्रश्नात सगळ्यात जास्त घोळ हिचाच असतो. साध्या पट्टीवर प्रत्येक शंभर रुपयांना सारखी उंची मिळते. लॉग पट्टीवर सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते.

सेन्सेक्सचा लांबचा चार्ट साध्या पट्टीवर उघडा. जानेवारी 2008 मध्ये तो 20,873 वर बंद झाला होता, मार्च 2009 मध्ये 8,160 वर. म्हणजे सुमारे 12,700 अंकांची पडझड. 2020 मध्ये जानेवारीत 41,952, आणि 23 मार्चला 25,981, म्हणजे जवळपास 16,000 अंक. चित्रात 2020 चा खड्डा जास्त खोल दिसतो. टक्क्यांत बघा: 2008 ची पडझड 61 टक्क्यांची, 2020 ची 38 ची. पहिलीत लाखाचे 39 हजार उरले, दुसरीत 62 हजार. आणि 1992 च्या शिखराची उंची, जेव्हा सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ गेला होता, ती साध्या पट्टीवर तळाशी रेघेसारखी चपटी झालेली असते.

तुमच्या निळ्या रेषेवर याचा थेट परिणाम होतो. समजा, एखाद्या शेअरचा पहिला तळ 100 ला होता आणि दोन वर्षांनी दुसरा तळ 200 ला. हे दोन तळ जोडून रेषा पुढे वाढवा. साध्या पट्टीवर दर दोन वर्षांनी 100 रुपये वाढतात, म्हणून आणखी दोन वर्षांनी रेषा 300 वर असेल. लॉग पट्टीवर दर दोन वर्षांनी भाव दुप्पट होतो, म्हणून त्याच दिवशी रेषा 400 वर असेल. आणि त्या दिवशी भाव आहे 340. एका पट्टीवर शेअर रेषेच्या चाळीस रुपये वर आरामात आहे, दुसऱ्या पट्टीवर रेषा तुटून तो 15 टक्के खाली आलाय. भाव तोच, तळ तेच, फक्त चार्टच्या कोपऱ्यातलं `log` चं बटण दाबलेलं आहे की नाही एवढाच फरक.

कोणती पट्टी खरी असं नसतं. काही दिवसांच्या चार्टवर, जिथे भाव पाच-दहा टक्क्यांच्या पट्ट्यात फिरतोय, तिथे दोन्हींत फारसा फरक पडत नाही. भाव दुप्पट-तिप्पट झालाय इतका लांबचा चार्ट असेल, तर मी लॉगच बघतो. पण तुम्ही रेषा कुठल्या पट्टीवर ओढलीत हे मला कळल्याशिवाय ती "तुटली" का, याला उत्तरच नाही. शिवाय बहुतेक अ‍ॅप उभी पट्टी आपोआप ताणतात. त्यामुळे दोन टक्क्यांची हालचालसुद्धा पडद्यावर कडा कोसळल्यासारखी दिसते. उजवीकडचे आकडे कापू नका, ते त्यासाठीच.

राहिला संदर्भ. यात दोन गोष्टी येतात, बाजाराचा आणि तुमचा. बाजाराच्या संदर्भासाठी 4 जून 2024 ची निफ्टीची कँडल आठवा. लोकसभेचे निकाल लागले, निफ्टी 23,263 वरून 21,884 वर बंद झाला, एका दिवसात जवळपास सहा टक्के. तारीख झाकून ती कँडल दाखवली असती, तर अर्ध्या लोकांनी "रचना बिघडली" म्हटलं असतं. 7 जूनला निफ्टी 23,290 वर बंद झाला, पडण्याआधीच्या बंद भावाच्याही वर. दरवेळी असंच होतं असं अजिबात नाही. पण कँडल कोणत्या दिवसाची आहे, त्या दिवशी निकाल होता की रिझर्व्ह बँकेचं धोरण, आणि अख्खा बाजार पडला की एकटा तुमचा शेअर, हे कळल्याशिवाय तिच्या आकाराला अर्थ नाही. शेअरच्या शेजारी निफ्टीचा तेवढ्याच काळाचा चार्ट टाकलात तर सोनं.

तुमचा संदर्भ म्हणजे माल हातात आहे की नाही, असला तर कितीला घेतला, किती दिवसांसाठी, आणि कुठे चुकलो असं मानून बाहेर पडणार. 1200 ला घेऊन दहा वर्षं ठेवणाऱ्याला आणि उद्या संध्याकाळपर्यंत फ्युचर विकून मोकळं व्हायचं असलेल्याला एकाच चार्टवर वेगळं उत्तर मिळणार.

तेव्हा प्रश्न साधारण असा लिहा (आकडे मनचे आहेत):

"अमुक कंपनी, एनएसई, रोख. दैनिक चार्ट, दोन वर्षांचा, लॉग पट्टी, स्प्लिट-बोनस समायोजित. चित्र शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर काढलंय. दोन तळ जोडणारी रेषा 412 वर येते, बंद भाव 405. त्या दिवशी तिमाही निकाल होते, निफ्टी जवळपास जागेवर. माझ्याकडे 380 चे शेअर आहेत, सहा महिने ठेवायचा विचार आहे, 370 खाली विकणार. रेषा तुटली असं धरावं का, की दोन टक्क्यांची ही घसरण गोंगाट आहे?"

यावर बोलता येतं. मी पहिल्यांदा विचारीन की रेषा कँडलच्या शेपट्यांवरून ओढली की बंद भावांवरून, कारण त्यात सहज सात-आठ रुपयांचा फरक पडतो आणि इथे सगळा प्रश्नच सात रुपयांचा आहे. मग निकालाच्या दिवशी किती शेअरची उलाढाल झाली ते बघीन. घ्यायचं की विकायचं हा निर्णय मात्र तुमचा, किंवा सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारून. तुमचा मूळ चार्ट याच तपशिलांसह परत टाका, आणि या वेळी उजवीकडचे आकडे आणि खालच्या तारखा दिसू द्या.