एकच सेल तापतो: सावली, तडा की डायोड?

प्रश्न: परभणीजवळ शेतात सोलर पंप आहे. ७२ सेलच्या एका पॅनलमधला एकच सेल चटका बसेल इतका तापतो. सेल फुटला की डायोड गेला?

उत्तर: पहाटे, काच थंड असताना, पक्ष्यांची विष्ठा धुऊन काढा आणि लिंबाची फांदी आड येत असेल तर छाटा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नकोच. मग दुपारी पंप चालू ठेवून पुन्हा पाहा. चटका गेला तर दोष सावलीचा होता.

तसाच राहिला तर सेलला तडा किंवा टाका सुटल्याचा संशय घ्या. सगळ्या सेलमधून एकच करंट जातो. तड्याने सेलचा मोठा तुकडा तुटला, की उरलेल्याला तो झेपत नाही. मग शेजारच्या सेलची वीज त्याच्यात उष्णता होऊन जिरते. बारीक तडा मात्र बहुधा तापत नाही.

पॅनलमध्ये अडलेल्या सेलना वळसा देऊन करंट पुढे नेणारे साधारण तीन डायोड, प्रत्येकाकडे २४ सेल. डायोड शॉर्ट झाला तर सेल नव्हे, अख्खा तिसरा भाग किंचित कोमट होतो आणि पंपाशी न जोडता मोजलेला मोकळा व्होल्टेज ४५ वरून ३० च्या आसपास येतो. तो ओपन झाला तर व्होल्टेज पूर्ण दिसतो, पण तोच सेल आणखी भाजतो. काच किंवा मागची शीट करपली असेल तर पॅनल बदलाच. कनेक्टर मात्र पंप चालू असताना ओढू नका.