'काहीही विचार' याऐवजी काय लिहावं

> "उद्या माझ्या टीममध्ये एक मुलगी जॉइन होतेय. लीड म्हणून वेलकम मेसेज पहिल्यांदाच लिहितोय. 'काहीही शंका असेल तर बिनधास्त विचार' असं लिहिलंय. एवढं पुरतं का?"

नाही पुरत. जवळजवळ हेच वाक्य मीही लिहिलं होतं, आणि एका हुशार मुलीचे पहिले नऊ दिवस वाया गेले. तुमची पोस्ट वाचली आणि ते सगळं आठवलं. (आमची टीम सात जणांची, सगळे घरून काम करणारे. शेजारी बसून काम करत असाल तर यातलं काही तुम्हाला लागू होणार नाही.)

तिला आमचा कोड स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा होता. कमांड दिली की हे यायचं:

```
ERROR: Repository not found.
fatal: Could not read from remote repository.
```

गिटहबवर खाजगी रिपॉझिटरीचा अ‍ॅक्सेस नसेल तरी 'सापडत नाही' असंच दिसतं, कारण ती अस्तित्वात आहे हेसुद्धा बाहेरच्याला कळू द्यायचं नसतं. रुळलेला माणूस हे बघून आधी अ‍ॅक्सेस तपासतो. तिला वाटलं, आपणच नाव चुकीचं टाइप करतोय. तिने स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासलं, एसएसएच की नवी बनवली, शेवटी गिटच काढून परत टाकलं.

रोज सकाळच्या कॉलवर ती म्हणायची, "सेटअप चालू आहे." मी म्हणायचे, "छान, काही लागलं तर सांग." माझी खरी चूक मेसेजपेक्षा इथे झाली. सेटअप तिसऱ्या दिवशीही चालूच असेल तर ती अडचण असते, आणि मी 'छान' म्हणत होते.

नवव्या दिवशी मी तिला स्क्रीन शेअर करायला सांगितलं आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. अ‍ॅक्सेस देणाऱ्या विभागाने पहिल्याच दिवशी आमंत्रणाची मेल पाठवली होती, ती स्पॅममध्ये पडली होती. असं आमंत्रण सात दिवसांत रद्द होतं, तसं ते झालंही होतं. त्यांचं तिकीट मात्र त्याच दुपारी 'पूर्ण' म्हणून बंद. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "आमच्याकडून गेलंय, आता नवीन तिकीट टाका." आमंत्रण गेलं म्हणजे माणूस आत आला असं होत नाही, हे त्यांना आजही पटलेलं नाही. अजून राग येतो.

मग तिला विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही सतत मीटिंगमध्ये दिसायचात. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी कसं विचारायचं?" त्या नऊ दिवसांत ती कॉलेजच्या मैत्रिणीला विचारत होती. नवे लोक असंच करतात. मिलर आणि जॅब्लिन या संशोधकांनी 1991 मध्येच मांडलंय की विचारल्यावर आपली किंमत कमी होईल असं वाटलं की नवखा माणूस सरळ विचारत नाही. तो निरीक्षण करतो, आडून विचारतो, तिसऱ्याला गाठतो. 'बिनधास्त विचार' म्हटल्याने ती भीती जात नाही. कुठला प्रश्न चालतो, कोणाला आणि कधी विचारायचा, हे आपणच लिहून द्यावं लागतं.

आता मी साधारण असं लिहिते:

> "स्वागत! आज फक्त दोनच कामं: मेल सुरू करणं आणि कोड उतरवणं. 'Repository not found' आलं तर चूक तुझी नाही, अ‍ॅक्सेस मिळालेला नसतो. स्पॅम बघ आणि मला सांग. कुठेही अर्धा तास अडकलीस तर स्क्रीनशॉट पाठव, प्रश्न नीट मांडायची गरज नाही. मी 11 ते 1 मीटिंगमध्ये आहे, तेव्हा माझ्याऐवजी अमुकला विचार, त्याला मी सांगून ठेवलंय. 4 वाजता मीच फोन करेन."

'अमुक'च्या जागी खरं नाव घाला, आणि त्या माणसाला खरंच आधी सांगून ठेवा. अर्धा तास हा माझा अंदाज, तुमच्या कामात तासभरही चालेल. पण आकडा हवाच. आकडा असला की तिला 'आता विचारू का नको' हे ठरवत बसावं लागत नाही.

चारच्या फोनवर "काही शंका?" असं विचारू नका, "नाही" हेच उत्तर येतं. "शेवटची कमांड कुठली दिलीस, आणि काय आलं?" असं विचारा. आणि पहिला आठवडाभर तिला सगळ्यांसमोर ग्रुपवर प्रश्न विचारायला लावू नका. याबद्दल माझ्या टीममध्येही दुमत आहे. काहींच्या मते ग्रुपवर विचारलं की सगळेच शिकतात. मला ते दुसऱ्या आठवड्यापासून ठीक वाटतं.

जाता जाता: मेसेज रात्री पाठवून ठेवू नका. ती लॉगिन करेल तेव्हा तो ऑफिसच्या पन्नास आपोआप येणाऱ्या मेलखाली दबलेला असेल. ती ऑनलाइन दिसली की पाठवा, आणि त्याआधी अ‍ॅक्सेसचं तिकीट स्वतः उघडून बघा.