ग्रुपच्या सहलीचे वेगळे आमंत्रण आले, तर ते कसे समजावे?

प्रश्न: ऑफिसातल्या मैत्रिणीने मला स्वतंत्र मेसेज करून विचारले, "रविवारी सिंहगडाला येशील का? बाकीचेही आहेत." तिला मी आवडतो असे समजू का?

उत्तर: एवढ्यावरून तसे समजू नका. मी स्वतः असे दोन मेसेज केले आहेत. त्यांचे शब्द जवळजवळ सारखे होते, पण हेतू अगदी वेगळे होते.

पहिल्या वेळी आम्ही सहा जण जाणार होतो आणि एका सहकाऱ्याला मी वेगळे विचारले, कारण त्याच्याकडे गाडी होती आणि सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत पहाटे पोहोचायचे होते. आदल्या रात्री चौघांनी नकार कळवला, तेव्हा "मग पुढच्या महिन्यात सगळे असताना जाऊ" असे मी सहज लिहिले. तो मात्र त्या वेगळ्या मेसेजवर बरेच काही बांधून बसला होता आणि फार दुखावला, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या वेळी ज्याला विचारले, तो मला खरोखर आवडत होता. ग्रुपवर काही टाकण्याआधीच मी त्याला कोणता दिवस सोयीचा आहे हे विचारले होते, आणि त्याला शनिवारी काम असल्यामुळेच रविवार ठरवला होता. बाकीचे गळाले, तेव्हा मी लिहिले, "आपण दोघे जाऊ या का? सकाळी चढू, पिठलं-भाकरी खाऊ आणि दुपारपर्यंत परत येऊ." म्हणून बाकीचे वगळल्यावर बेत उरतो की मोडतो, हे पाहणे मला सर्वांत भरवशाचे वाटते.

यात एक अडचण आहे. आपल्याकडे अनेक घरांत मुलगी बाहेर निघाली की "कोण कोण आहे?" हा प्रश्न येतोच, त्यामुळे ग्रुप ही पुष्कळदा केवळ घरच्यांसाठीची सोय असते. दोघांनीच जायला कचरणाऱ्या मुलीला तुमच्यात रस नाही, असे त्यावरून ठरत नाही. वाटेत ती तुमच्या शेजारी चालली, तर रस आहे असेही ठरत नाही.

त्यामुळे सहलीला मित्र म्हणूनच जा, आणि नंतर स्वतः, ग्रुपबाहेर, दिवस आणि वेळ सांगून विचारा: "शनिवारी संध्याकाळी सहाला आपण दोघेच चहाला भेटू या का? मला तुला अधिक ओळखायला आवडेल. नको वाटले तर मोकळेपणाने सांग." 'दोघेच' हा शब्द गाळू नका, कारण तो नसला तर तुमचेही आमंत्रण तिच्या मेसेजइतकेच संदिग्ध राहील. शनिवार जमत नाही असे सांगून तिने दुसरा दिवस सुचवला, तर भेटायची तिची इच्छा आहे. "अजून कोण येणार आहे?" असे विचारले, किंवा "बघू" म्हणून पुन्हा विषयच काढला नाही, तर तो नकार समजा आणि दुसऱ्यांदा विचारू नका, सोमवारी तिला त्याच ऑफिसात तुमच्या शेजारी बसून काम करायचे आहे.