रजेवर जाण्याआधीचा मेल

प्रिय,

रजेआधी सहकाऱ्याला काम सोपवण्याच्या मेलचा तुझा मसुदा वाचला. खाली विचारलंयस, "ताई, काही राहिलं तर नाही ना?" यादी पूर्ण आहे. पण त्यातल्या एकाही ओळीवरून तुझ्या जागी बसणाऱ्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. "जीएसटी नोटीस – पेंडिंग." "वाहतूकदाराचं बिल – फॉलोअप चालू." अगं, चालू कोणाचं? तू १ जुलैपासून घरी. बाळंतपणाच्या रजेचे कायद्याने तुला २६ आठवडे मिळतात, म्हणजे हा मेल डिसेंबरपर्यंत तुझ्या वतीने बोलणार. तेव्हा प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न स्वतःला विचार: पुढचं पाऊल कोणाचं, आणि कोणत्या तारखेला?

नोटिशीचंच घेऊ. तुझ्या यादीतली सगळ्यात धोकादायक ओळ तीच आहे आणि तू ती अकराव्या क्रमांकावर टाकलीयस. ती साधी नोटीस नाही, डीआरसी-०१सी आहे. जीएसटीआर-३बी या महिन्याच्या विवरणात खरेदीवरच्या करापोटी घेतलेलं क्रेडिट पुरवठादारांच्या बिलांवरून बनणाऱ्या २बी मधल्या आकड्यापेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर जास्त दिसलं की पोर्टल ती आपोआप काढतं. उत्तराला सात दिवस. तुम्हाला ती २६ जूनला आली, म्हणजे ३ जुलै, तुझ्या रजेचा तिसरा दिवस. उत्तर गेलं नाही, फरकाची रक्कमही भरली नाही, तर पुढचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, भरताच येत नाही. जूनचा जीएसटीआर-१ ११ जुलैला आहे. तो अडला की तुमची बिलं १४ तारखेच्या २बी मध्ये गिऱ्हाइकांना दिसणार नाहीत, त्यांना क्रेडिट मिळणार नाही, आणि ते तुमचं पेमेंट थांबवतील. हे सगळं "पेंडिंग" या एका शब्दात वाचणाऱ्याने ओळखायचं?

ती ओळ मी अशी लिहिली असती:

"डीआरसी-०१सी, मे महिना, फरक ८४,००० रुपये. कारण: पत्र्याच्या पुरवठादाराचं बिल एप्रिलच्या २बी मध्ये आलं, पण माल ४ मे रोजी पोचला. म्हणून एप्रिलमध्ये क्रेडिट दाखवून तिथेच उलटवलं आणि मे मध्ये पुन्हा घेतलं. भाग 'ब' मध्ये 'माल न पोचल्याने आधीच्या महिन्यात न घेतलेलं क्रेडिट' हे कारण निवडायचं. बिल, लॉरी रिसीट आणि आवक नोंद 'जीएसटी–मे' फोल्डरमध्ये आहेत. मजकूर सीएंनी पाहिला आहे. पुढचं पाऊल: तुम्ही, २ जुलै दुपारपर्यंत पोर्टलवर सबमिट. अडलं तर सीए."

लांब आहे? असू दे. ही ओळ वाचून त्याला तुला फोन करावा लागत नाही. बाकीच्या कामांना इतकं लागणार नाही. टीडीएस ७ तारखेला, पीएफ १५ ला, ३बी २० ला. ही महिन्याची वहिवाट एका छोट्या तक्त्यात घाल. पुढचं पाऊल मात्र तिथेही हवंच.

आता जे तू लिहिलंच नाहीस. पोर्टलचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? नाव थोरल्या भागीदारांचं, पण नंबर तुझा. छोट्या फर्ममध्ये हे सर्रास असतं. कारण एकच, रजिस्ट्रेशन करताना साहेब म्हणतात, "तुझाच नंबर टाक, मला कुठे कळतंय." मग बाळंतपणाच्या खोलीत रात्री ओटीपी सांगत बसायचं. त्यावर पासवर्ड मेलमध्ये लिहून देणं हा उपाय नव्हे. रजिस्ट्रेशनच्या नॉन-कोअर दुरुस्तीत जाऊन मोबाइल आणि ईमेल बदलता येतो. नव्या नंबरवर आणि ईमेलवर ओटीपी येऊन तो पक्का होतो. भागीदारांचा खरा नंबर टाक. ते कुरकुर करतील. करू देत. डीआरसी-०१सी ची सूचनाही त्याच ईमेलवर येते, हे त्यांना सांग, म्हणजे कुरकुर थांबेल.

सहकाऱ्याची ओळख तू "माझ्या अनुपस्थितीत यांच्याशी संपर्क साधावा" अशी करून दिलीयस. एवढ्याने लोक त्याला विचारतील आणि तो म्हणेल, "मॅडमना विचारून सांगतो." त्याच्या नावासोबत त्याचे अधिकार लिही. कितीपर्यंतचं पेमेंट तो स्वतः सोडू शकतो, त्यावर कोणाची सही, बँकेत पेमेंट टाकणारा मेकर कोण आणि ते मंजूर करणारा चेकर कोण. हे आधी भागीदारांकडून मंजूर करून घे, आणि त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव टाकू नकोस. तो मूळचा स्टोअर्सचा माणूस आहे. माल, गाड्या त्याला कळतात, क्रेडिटची भानगड कळत नाही. म्हणून जीएसटीच्या प्रश्नाला दुसरं नाव सीएंचं दे.

आणि हो, बाहेरच्यांना हा मेल पाठवू नकोस. पुरवठादार, बँक, गिऱ्हाईक यांना तीन ओळींचा वेगळा मेल: कधीपासून नाही, कोणाशी बोलायचं, त्याचा नंबर. कोणाचं पेमेंट अडलंय ही यादी त्यांनी बघायचं कारण नाही. रजेचं कारणही नको.

"तातडीचं" म्हणजे काय, हेही तू त्याच्यावर सोडलंयस. सोडू नकोस, नाहीतर सगळंच तातडीचं होईल. माझी व्याख्या सोपी आहे: आज केलं नाही तर दंड लागतो किंवा गाडी अडते. मालाच्या गाडीसोबतच्या ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बंद पडली, तर मुदत संपण्याआधीच्या आठ किंवा नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते. ती वाढवायची वाहतूकदाराने. म्हणजे रात्री ड्रायव्हरचा फोन आला, तर पुढचं पाऊल कोणाचं? वाहतूकदाराचं. तुझं नाही. हे लिहिलं नाहीस, तर रात्री अकराला फोन तुलाच येणार.

माझ्या वेळी मी असंच सगळं डोक्यात ठेवून गेले होते असं ऑफिसात अजून सांगतात. खोटं आहे. मी वही भरून ठेवली होती. ती उघडण्यापेक्षा मला फोन लावणं सोपं होतं, एवढंच. मीही उचलत राहिले, आणि खरं सांगते, आपल्यावाचून अडतंय याचं तेव्हा बरं वाटायचं. आज त्या फोनांचा राग येतो. मला किचकट म्हणतात, प्रत्येक ओळीला तारीख मागते म्हणून. म्हणू देत. माझ्या हाताखालच्या दोघी सुट्टीवर गेल्या तेव्हा मी त्यांच्याकडून अशाच ओळी लिहून घेतल्या, आणि त्यांना एकही फोन जाऊ दिला नाही. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही.

तू आता असं कर. नंबर बदलायचा अर्ज आजच टाक, तो मंजूर झालेला तुझ्या डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. मेल लिहून झाला की त्याला समोर बसव आणि तू गप्प राहून त्याच्याकडून डीआरसी-०१सी चं उत्तर सबमिट बटणापर्यंत भरून घे. जिथे तो अडखळेल ती ओळ परत लिही. बटण दाबायला तयार असला तर २ तारखेची वाट कशाला बघायची? तेव्हाच दाबू दे, आणि ती ओळ यादीतून काढून टाक.

दुसरा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. "पेंडिंग" शब्द दिसला तर न वाचता परत करीन.

तुझी,
ताई